दोन-तीन सेकंदांचा आवाज

ताई, माझ्या पत्नीची पाळी चुकली आणि शेवटच्या पाळीपासून ४४ व्या दिवशी केलेल्या सोनोग्राफीत फक्त पिशवी दिसली, ठोके दिसले नाहीत; डॉक्टरांनी दोन आठवड्यांनी बोलावले. ते चौदा दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. परवा दुसऱ्या तपासणीच्या वेळी मला आत बसू दिले आणि डॉक्टरांनी बाळाच्या हृदयाचा आवाज ऐकवला, आईच्या शिवणयंत्रासारखा, भरधाव. पत्नीच्या डोळ्यांत पाणी आले आणि माझ्या तोंडून निघाले, ‘इतके जोरात का?’ ती अजून नीट बोलत नाही. आवाज दोन-तीन सेकंदांतच बंद केला, तोही का? रिपोर्टात लिहिले आहे: १२ मिलिमीटर, ठोके १४०, सात आठवडे दोन दिवस, आमच्या हिशेबाने आठ आठवडे दोन दिवस व्हायला हवे होते. पत्नीची पाळी तशी पस्तीस दिवसांनी येते. दोन्ही रिपोर्ट सोबत जोडले आहेत. घरी ठोके ऐकण्याचे छोटे यंत्र मागवावे असे वाटते, म्हणजे रोज खात्री होईल. मागवू का?
— एक होऊ घातलेला बाप, सोलापूर

तुमच्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य तुम्ही जाता जाता लिहिले आहे, ते म्हणजे पत्नीची पाळी पस्तीस दिवसांनी येते. गरोदरपणाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात आणि त्या मोजणीत पाळी अठ्ठावीस दिवसांची व बीज चौदाव्या दिवसाच्या सुमारास बाहेर पडते असे धरलेले असते. पस्तीस दिवसांच्या पाळीत ते साधारण एकविसाव्या दिवशी बाहेर पडते. म्हणजे तुमचा हरवलेला आठवडा बाळाच्या वाढीतून गेलेला नसून तो मुळात कधी सुरूच झाला नव्हता. ४४ व्या दिवशी कागदावर सहा आठवडे दोन दिवस होत होते, पण बाळाचे वय त्या हिशेबात पाच आठवडे दोन दिवसच होते आणि त्या वयात पिशवी दिसणे व ठोके न दिसणे हेच अपेक्षित असते. आता दोन आठवड्यांनी वय बरोबर दोन आठवड्यांनीच पुढे गेले आहे, हे तुम्ही स्वतः बोटांवर मोजून पाहा. प्रसूतीची तारीख मात्र बहुधा एक आठवडा पुढे सरकेल; ती डॉक्टरांकडून एकदा लिहून घ्या आणि नातेवाइकांनाही तीच सांगा.

पहिल्या दिवशी डॉक्टरांनी काही निश्चित न सांगता थांबायला लावले, याचाही तुमच्या मनात राग असावा असे पत्राच्या सुरावरून वाटते. पण गर्भ वाढत नाही असा निर्वाळा देण्यासाठी ठरलेली मापे आहेत: गर्भाची लांबी ७ मिलिमीटर झाली तरी ठोके नसणे, किंवा पिशवी सरासरी २५ मिलिमीटरची होऊनही तिच्यात गर्भ न दिसणे. तुमच्या पहिल्या रिपोर्टात पिशवी ८ मिलिमीटर आहे. एवढ्या मापावर धीर देणे जितके चुकीचे ठरले असते, तितकेच आशा सोडायला सांगणेही.

आता तुमचा प्रश्न, की इतके जोरात का. सहाव्या आठवड्याच्या आसपास हृदय म्हणजे एक वळलेली नळी असते. तिचे ठोके मिनिटाला शंभर-एकशे दहाच्या घरात सुरू होतात, मग जवळजवळ रोज वाढत जाऊन नवव्या-दहाव्या आठवड्यात एकशे सत्तरच्या आसपास पोहोचतात आणि नंतर हळूहळू उतरतात. एवढेसे हृदय एका ठोक्यात फारसे जास्त रक्त ढकलू शकत नाही, त्यामुळे वाढत्या शरीराची गरज भागवायची तर ठोक्यांची संख्याच वाढवावी लागते. आणि ठोक्यांना लगाम घालणारी मज्जातंतूंची व्यवस्था तोवर पुरती तयार झालेली नसते. सातव्या आठवड्यात डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडते ती ठोके शंभर-एकशे दहाच्या खाली असतील तर. तुमचे १४० त्या वयाला शोभतात, आणि पुढच्या खेपेस आकडा १६० दिसला तरी दचकू नका.

आवाज लगेच बंद केला, हे डॉक्टरांनी योग्यच केले. तुम्ही ऐकलात तो ठेका बाळाचा होता, पण ध्वनी यंत्राचा होता. सोनोग्राफीच्या ध्वनिलहरी आपल्या कानाला ऐकू येत नाहीत; त्या हलत्या रक्तावरून परतताना त्यांची कंपने किंचित बदलतात आणि तो फरक यंत्र आपल्याला ऐकू येईल असा वाजवते. हा डॉप्लर वापरताना लहरींचा मारा एकाच जागी राहतो आणि त्या जागेची उष्णता थोडी वाढू शकते, म्हणून पहिल्या दहा-अकरा आठवड्यांत तो शक्यतो टाळतात किंवा अगदी क्षणभरच लावतात. पुष्कळ डॉक्टर या टप्प्यावर पडद्यावर नुसती लाटांची रेघ काढून ठोके मोजतात. त्यात आवाज नसतोच. तेव्हा तुम्हाला ते दोन-तीन सेकंदही अधिकचेच मिळाले म्हणायचे. (१९८४ साली माझ्या वेळी पाचवा महिना सरल्यावर नर्सबाई पोटावर नळी टेकवून स्वतः ऐकत आणि ‘ठीक आहे’ म्हणत. आमचे यजमान बाहेर बाकावर बसून असत, त्यांना तेवढेच दोन शब्द मिळाले.)

यावरून तुमच्या यंत्राचे उत्तर निघते: मागवू नका. बाराव्या आठवड्याआधी घरच्या यंत्राने ठोके सापडणे कठीण असते, कारण गर्भाशय अजून ओटीपोटाच्या हाडामागे असते. तुम्ही अर्धा तास शोधाल, काही ऐकू येणार नाही आणि पुन्हा ते चौदा दिवस सुरू होतील. याहून वाईट म्हणजे काहीतरी ऐकू येईल, ते पत्नीच्या स्वतःच्या रक्तवाहिनीचे असेल आणि तुम्ही निर्धास्त व्हाल. घाबरलेल्या बाईची नाडीही शंभरच्या पुढे जाते, तेव्हा नवख्या कानाला फरक कळत नाही. पुढे कधी अंगावरून लाल रक्त गेले किंवा ओटीपोटात कळा येऊ लागल्या, तर यंत्रावर ठोके शोधत बसण्यात जाणारा वेळ डॉक्टरांना फोन करण्याचा असतो. मोबाइलमधल्या ‘ठोके ऐकवणाऱ्या’ अ‍ॅपविषयी तर विचारूच नका. फोनच्या माइकला या वयाच्या गर्भाचे काहीही ऐकू येत नाही.

राहिला पत्नीचा रुसवा. तिला तुमचा प्रश्न ऐकू आला, त्यामागची दोन आठवड्यांची जाग ऐकू आली नाही; आणि माझा तर्क असा, की त्या काळात तुम्ही तिला ‘सगळे ठीक होईल’ एवढेच म्हणत होता. ती स्वतःही जागीच असणार, फक्त कूस बदलून. तिला ‘चुकलो’ म्हणण्याआधी ते दिवस सांगा: रात्री मोबाइलवर काय काय वाचलेत, कोणत्या आकड्याला घाबरलात, कोणापाशी बोलला नाहीत. मग हे पत्र तिला वाचायला द्या, कारण एका आठवड्याच्या फरकाची शंका तिच्याही मनात असेल आणि तुम्ही आणखी घाबराल म्हणून तिने ती काढली नसेल.

पुढची मोठी सोनोग्राफी अकरा आठवडे पूर्ण झाल्यापासून तेरा आठवडे सहा दिवसांपर्यंत करतात. नव्या हिशेबाने ती तुमच्या परवाच्या तपासणीनंतर २६ व्या ते ४६ व्या दिवसांच्या दरम्यान येईल, जुन्या हिशेबाने वेळ घेतलीत तर कदाचित आठवडाभर आधीच जाऊन परत फिरावे लागेल. त्या दिवशी आत बसू देतील का हे आधी विचारून ठेवा, फोन बाहेर ठेवा आणि पत्नीच्या उशाशी उभे राहा, म्हणजे पडदा दोघांनाही एकाच बाजूने दिसेल. आवाज ऐकायचा असेल तर तिला विचारू द्या.