वाळूतून तेल निघत नाही, हाच त्या श्लोकाचा मुद्दा आहे

प्रश्न: सुभाषितात पहिल्या ओळीत नियम सांगतात आणि दुसऱ्या ओळीत एखादं उदाहरण देऊन तो सिद्ध झाला असं धरतात, उदा. 'उद्यमेन हि सिध्यन्ति'. एका उदाहरणाने नियम सिद्ध होतो का?

होतो, पण उदाहरण नीट निवडलेलं असेल तरच, आणि लोक ते अर्धवट वापरतात तेव्हा अजिबात होत नाही. तुमचाच श्लोक घ्या.

उद्यमेन हि सिध्यन्ति कार्याणि न मनोरथैः ।
न हि सुप्तस्य सिंहस्य प्रविशन्ति मुखे मृगाः ॥

इथे सिंहच का आहे बघा. सिंहाच्या जागी ससा घालून बघा, झोपलेल्या सशाच्या तोंडात गवत शिरत नाही, अर्थ तोच राहतो पण पटत नाही, कारण ससा तसाही दुबळाच. ज्याला शिकार मिळवणं सगळ्यात सोपं असं आपण धरतो त्यालासुद्धा उठावं लागतं, मग बाकीच्यांचं काय, असा तो वाद आहे. आणि सगळा भार 'सुप्तस्य' या एका शब्दावर आहे, तो काढला की उरतो नुसता ताकदवान सिंह आणि नियम गेला. नियमाला उदाहरणाचा आधार द्यायच्या या अलंकाराला शाळेत आपण अर्थान्तरन्यास लिहून दोन मार्क घेतले, 'कारण' अशा अर्थाचा 'हि' दिसला की लिहायचं असं ठरलेलंच होतं, पण सिंह का हे मला कोणीच विचारलं नाही.

आता महत्त्वाचं. हा श्लोक एवढंच सांगतो की उठल्याशिवाय मिळत नाही. उठलं की मिळतंच असं तो कुठेही म्हणत नाही. जागा सिंहही कितीतरी वेळा उपाशी परततो.

हे इतकं तावातावाने लिहितोय कारण माझं सीए फायनल तिसऱ्यांदा राहिलं तेव्हा गणपतीच्या जेवणाला सगळे बसलेले असताना आमचे मोठे मामा म्हणाले, "प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे. तू रगडलंच नाहीस." मी पहाटे चारला उठून अभ्यास करत होतो हे आईला माहीत होतं, पण ती वाढत होती, काही बोलली नाही. मला त्या तीन ॲटेम्प्ट्सपेक्षा ते जास्त लागलं. आणि मला तो श्लोक पाठ होता, वामन पंडितांनी भर्तृहरीच्या संस्कृत श्लोकावरून केलेला, त्यामुळे मी तिथेच पूर्ण म्हटला:

प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे
तृषार्ताची तृष्णा मृगजळ पिऊनीहि वितळे
सशाचेही लाभे विपिन फिरता शिंगही जरी
परंतु मूर्खाचे हृदय धरवेना क्षणभरी

चौथी ओळ संपली तेव्हा पानावर कोणी जेवत नव्हतं. मामांना वाटलं मी त्यांना मूर्ख म्हणालो. दोन वर्षं ते आमच्याकडे आले नाहीत. मला तसं म्हणायचं नव्हतं हे मी तेव्हाही सांगितलं, आजही सांगतो. मला म्हणायचं होतं की तुम्ही जी ओळ प्रयत्नाचा पुरावा म्हणून फेकलीत ती प्रयत्नाबद्दल नाहीच. वाळूचं तेल, मृगजळाचं पाणी, सशाचं शिंग, तिन्ही अशक्य गोष्टी आहेत, हे जरी एक वेळ झालं तरी मूर्खाचं मन वळणार नाही असा तो बांधलाय. वाळूतून खरंच तेल निघायला लागलं तर श्लोकच कोसळेल! सिंहाच्या श्लोकात चित्र खरं असल्यामुळे नियम उभा राहतो आणि इथे चित्र खोटं असल्यामुळे, एवढा फरक न बघता पहिली ओळ तोडून घेतली की नेमका उलटा अर्थ पोराच्या माथी मारला जातो. मूळ भर्तृहरीत तर मूर्खालाही 'प्रतिनिविष्ट' असं विशेषण आहे, म्हणजे हट्टाला पेटलेला. साध्या अडाणी माणसाबद्दल तो बोलतच नाहीये.

तेव्हा कोणी सुभाषित ऐकवलं की आधी पूर्ण श्लोक मागा, मग बघा चित्रातला कुठला शब्द काढला की नियम पडतो. आणि प्रयत्नावरून कोणी सुनावत असेल तर हाही ऐकवा: 'भाग्यं फलति सर्वत्र न च विद्या न च पौरुषम् । समुद्रमथनाल्लेभे हरिर्लक्ष्मीं हरो विषम् ॥' मंथन एकच, एकाला लक्ष्मी आणि दुसऱ्याला विष. इथे 'हि' नाही, तरी चित्र पुरावाच देतंय, म्हणून नुसता 'हि' शोधू नका.

अर्थात हा श्लोक आणि सिंहाचा श्लोक एकमेकांच्या विरुद्ध जातात हे मान्य आहे. सुभाषित प्रसंगाला धरून असतं, गणितातल्या सिद्धतेसारखं सगळीकडे लागू नसतं, हे मी खरं तर वरच लिहायला हवं होतं. आणि वाळूची ओळ आता मराठीत म्हण झालीय, बोलताना वापरली तर माझं काही म्हणणं नाही. पण जेवणाच्या पानावर बसलेल्या पोराविरुद्ध पुरावा म्हणून वापरू नका. मी पाचव्या ॲटेम्प्टला पास झालो, तेव्हा मामांनी फोनवर पहिलं वाक्य तेच म्हटलं, वाळूचं. मी या वेळी पुढच्या तीन ओळी म्हटल्या नाहीत.