मेमोचा खुलासा

प्रिय मित्रा,

तुला कंडक्टर म्हणून आलेल्या मेमोचा फोटो मिळाला. ‘प्रवाशाशी उद्धट वर्तन’ एवढंच त्यात आहे. तू केलेला खुलाशाचा मसुदा मात्र देऊ नकोस. त्यात ‘मी निर्दोष आहे’ तीनदा आलंय आणि घटनेची वेळ एकदाही नाही. साहेब किती खडूस आहेत यावर अर्धं पान गेलंय. असतील, पण खुलासा वाचणारेही तेच आहेत.

घडलं त्या क्रमाने लिही. सकाळी 8:20, गाडी खचाखच भरलेली. त्या प्रवाशाने मोठी नोट दिली, तू उरलेले पैसे तिकिटामागे लिहून दिलेस. उतरताना त्याने जास्त मागितले, शिवी दिली, कॉलर धरली, तू हात झटकलास. तिकिटाचा क्रमांक आणि टप्पा मशीनवरून, वेबिलवरून उतरवून घे. ‘अपशब्द वापरले’ असं मोघम नको, शिवी जशीच्या तशी लिही. ‘बापाची गाडी आहे का’ हे तू म्हणालास, तेही लिही. ते लपवलंस आणि एखाद्या प्रवाशाने सांगितलं, तर तुझ्या बाकीच्या खऱ्या मजकुरावरही कोणी विश्वास ठेवणार नाही. ड्रायव्हरने आरशात दिसलं तेवढंच, स्वतःच्या शब्दांत, वेगळ्या कागदावर लिहावं. दोघांची वाक्यं जुळली की ठरवून लिहिल्याचा वास येतो.

आता तू जाता जाता लिहिलेली गोष्ट. आदल्या रात्री 11:40 ला हिशेब भरून सुटलास आणि पहाटे 5:10 ला हजर. मध्ये साडेपाच तास, त्यातच घरी जाणं-येणं. माझ्या मते भांडणाचं मूळ तिथेच आहे. तरी खुलाशात ‘झोप झाली नव्हती म्हणून बोललो’ असं लिहू नकोस, ती कबुली ठरते. विश्रांतीसाठी वेगळा अर्ज कर आणि त्याला गेल्या चार आठवड्यांच्या सुटण्याच्या व हजेरीच्या वेळा जोड. एक रात्र सांगितलीस तर ‘त्या दिवशी माणसं कमी होती’ हे उत्तर तयार असतं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 1979 च्या 153 क्रमांकाच्या करारात चालकाला दिवसाकाठी सलग 10 तास विश्रांती सांगितली आहे, सवलत धरूनही ती 8 तासांखाली जात नाही. पण हा करार चालकांचा आहे, आणि मान्यता दिलेल्या देशांनाच तो बांधतो. तुझ्या अर्जाला आधार लागेल तो तुमच्याच सेवानियमांतल्या विश्रांतीच्या कलमाचा. ड्रायव्हरचीही पाळी तीच होती, त्यालाही अर्ज करायला सांग.

दोन्ही कागदांच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घे. ‘ठेव टेबलावर’ म्हणाले तर आवक खिडकीवर दे. मी एकदा टेबलावर ठेवून आलो होतो, आणि चार महिन्यांनी ‘खुलासा दिला नाही’ म्हणून वेतनवाढ रोखली गेली.

नवा मसुदा मुदतीच्या दोन दिवस आधी पाठव. एका पानात बसव.

तुझा,
जुना कंडक्टर