पद वाढलं, पगार जागच्या जागी

"महिन्याभरापूर्वी मला टीम लीड केलं. सगळे अभिनंदन करतायत, पण पगार वाढला जेमतेम चार टक्के. साहेबांशी बोललो तर हावरा दिसेन, नाही बोललो तर आतल्या आत धुमसत राहीन. काय करू?"

दोन वर्षांपूर्वी एक बाई माझ्याकडे अगदी हेच घेऊन आल्या होत्या. ओळख पटू नये म्हणून किरकोळ तपशील बदलून सांगते. ग्राहकांच्या तक्रारी हाताळणाऱ्या विभागात त्या आठ जणांच्या पर्यवेक्षक झाल्या होत्या आणि पहिल्या भेटीचा बहुतेक वेळ त्या साहेबांवर चिडण्यात गेला. पुढच्या वेळी येताना मी त्यांना बढतीच्या आधीच्या आणि नंतरच्या सॅलरी स्लिपा आणायला सांगितल्या. समुपदेशकाने हिशेब मांडायला बसावं हे त्यांना चमत्कारिकच वाटलं. पण अन्याय झालाय की नुसता वाटतोय, हे कळल्याशिवाय त्या रागाचं करायचं काय?

सोयीसाठी जुना पगार १०० धरला. त्यावर ओव्हरटाइमचे सरासरी ९ मिळायचे, म्हणजे हातात १०९. नवा पगार १०४, पण पर्यवेक्षकांना ओव्हरटाइम लागू नव्हता. आठवड्याचे तास मात्र ४८ वरून ५३ वर गेले होते. म्हणजे चार टक्के वाढ राहिली बाजूला, महिन्याचे पैसे कमी झाले होते आणि तासाला पडणारा मोबदला जवळजवळ १४ टक्क्यांनी घसरला होता. कागदाकडे बघत त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मी उगाच कुरकुरत नव्हते."

त्यांनी साहेबांना एकदा विचारलं होतं, पण घाईत, जिन्यात गाठून. "एवढीच वाढ?" या प्रश्नाला "पुढच्या वर्षी बघू" हेच उत्तर मिळणार. या वेळी आधी एचआरकडे त्यांनी साधी चौकशी केली: माझ्या नव्या श्रेणीचा पगाराचा पट्टा कुठून कुठपर्यंत आहे आणि मी त्यात कुठे बसते? पट्टा आमच्या मापाने ११० पासून सुरू होत होता, म्हणजे त्या आपल्याच श्रेणीच्या तळाखाली होत्या. असं बऱ्याचदा घडतं, कारण बढतीची वाढ जुन्या पगाराच्या ठरावीक टक्क्यांपुरती बांधलेली असते. कुणी मुद्दाम डावललेलं असतंच असं नाही. हे समजल्यावर त्यांचा राग निम्मा उतरला आणि मागणीला आकडाही मिळाला.

मग आम्ही बोलण्याची तालीम केली. त्यांची एक खोड होती: आकडा सांगितला की लगेच "म्हणजे, जमलं तर" असं शेपूट जोडायच्या. ते काढायला चार वेळा म्हणून घ्यावं लागलं. शेवटी उरलं ते इतकंच: "हे काम मला आवडतंय. पण ओव्हरटाइम बंद झाल्यामुळे माझं उत्पन्न आधीपेक्षा कमी झालंय आणि मी श्रेणीच्या किमान पगाराखाली आहे. त्या किमानापर्यंत मला कधी आणता येईल?" आणि त्यानंतर गप्प बसायचं. कर्जाचे हप्ते, सहकाऱ्याचा पगार, राजीनाम्याची धमकी, यातलं काही मध्ये आणायचं नाही.

साहेबांकडे त्या वर्षाचं बजेट खरंच नव्हतं. मग बाईंनी दोन गोष्टी मागितल्या. सहा महिन्यांनी पगाराचा फेरविचार, आणि त्यांच्याच गळ्यात राहिलेला जुना मासिक अहवाल दुसऱ्या कुणाकडे. साहेब तोंडी हो म्हणाले. त्याच संध्याकाळी बाईंनी "आज आपलं जे ठरलं ते नोंदवून ठेवते" असा चार ओळींचा ईमेल पाठवला. पुढे साहेब बदलले, तेव्हा तो ईमेलच कामाला आला. सातव्या महिन्यात पगार ११० झाला. मागची भरपाई मिळाली नाही, आणि ते त्यांना अजून खुपतं.

सगळीकडे असे पट्टे नसतात. छोट्या संस्थेत तर एचआरच नसेल. तिथे कामाचे तास आणि जुन्या कामाची वाटणी एवढ्यावरच बोलता येतं. दिलेली तारीख दोनदा टळली, तर मी बाहेर अर्ज करायला सांगते. मात्र तोवर नव्या पदावर प्रत्यक्ष काय केलं, किती माणसं सांभाळली, हे लिहून ठेवलेलं असावं. नुसत्या पदनामावर मुलाखतीतल्या दुसऱ्या प्रश्नापुढे जाता येत नाही.

हावरेपणाचं म्हणाल, तर मला तुमच्या पत्रात तो दिसला नाही. मला वेगळीच शंका आहे. हे चार टक्के बढतीचे आहेत की दरवर्षीची वाढच त्यात धरली आहे? काही ठिकाणी वर्षाच्या मध्ये बढती मिळालेल्याला पुढची वार्षिक वाढ देत नाहीत. साहेबांकडे जाण्याआधी एवढं एचआरला विचारून घ्या, आणि उत्तर ईमेलवर मागा.