वर्गरूपांतील अधिक-उणे कसे मोजायचे?

प्रश्न: x² + 4xy + y² चे वर्ग पूर्ण करून मला (x + 2y)² − 3y² मिळाले. मैत्रिणीने आयगेन मूल्ये काढली, ती 3 आणि −1 आली. बरोबर कोण?

दोघीही बरोबर आहात. मैत्रिणीच्या मूल्यांवरून हेच रूप (3/2)(x + y)² − (1/2)(x − y)² असे लिहिता येते. कंस सोडवून पाहा. सहगुणक वेगळे आले, पण दोन्हीकडे एक वर्ग अधिक आणि एक उणे आहे. P या व्यस्त असलेल्या मॅट्रिक्सने चल बदलले की रूपाच्या सममित मॅट्रिक्स A च्या जागी PᵀAP येते, P⁻¹AP नव्हे. म्हणून P लंब नसेल, तर आयगेन मूल्ये सहसा बदलतात. चिन्हांची संख्या मात्र हलत नाही. सिल्व्हेस्टरने १८५२ मध्ये याला जडत्वाचा नियम म्हटले.

प्रश्न: xy + yz + zx मध्ये एकही वर्ग नाही. म्हणून मी प्रत्येक गुणाकारासाठी xy = ¼(x + y)² − ¼(x − y)² हे सूत्र वापरले. तीन अधिक आणि तीन उणे आले. चल तर तीनच आहेत! कुठे चुकले?

तुमचे बीजगणित अचूक आहे, मोजणी मात्र चालणार नाही. वर्गांच्या आत असलेल्या एकघाती राशी परस्परांपासून स्वतंत्र असतील, तरच चिन्हे मोजायची. तीन चलांत सहा स्वतंत्र राशी असूच शकत नाहीत.

आधी एक वर्ग निर्माण करा. x = u + v, y = u − v घेतले की xy चे u² − v² होते आणि yz + zx चे 2uz. मग

u² − v² + 2uz = (u + z)² − v² − z².

u + z, v आणि z या तीन राशी स्वतंत्र आहेत. तेव्हा उत्तर एक अधिक, दोन उणे. मॅट्रिक्सची आयगेन मूल्ये 1, −½, −½ आहेत, तीही याच्याशी जुळतात.

सहा वर्ग दिसले की शंका येते, पण कधीकधी वर्गांची संख्या चलांइतकीच असते आणि तरीही घोळ होतो. तो जास्त फसवा आहे. शाळेपासून ओळखीचे हे रूप घ्या:

x² + y² + z² − xy − yz − zx = ½[(x − y)² + (y − z)² + (z − x)²].

तीन चल, तीन वर्ग, तिन्ही अधिक. हे रूप धन निश्चित आहे असे पटकन लिहिले जाते. पण x = y = z = 1 ठेवा, किंमत शून्य येते. आतल्या तीन राशींची बेरीजच शून्य आहे, म्हणजे त्यांतल्या दोनच स्वतंत्र. x चा वर्ग पूर्ण केला तर (x − y/2 − z/2)² + ¾(y − z)² मिळते. खरी मोजणी दोन अधिक, उणे एकही नाही, एक शून्य. उत्तर लिहिण्याआधी राशींच्या सहगुणकांचे निश्चयक काढा. ते शून्य आले तर मोजणी टाकून द्या.

प्रश्न: चिन्हांची संख्या बदलूच शकत नाही, हे सूत्रांच्या जंजाळाशिवाय समजेल का?

हो, फक्त मिती मोजायच्या. n मितींच्या अवकाशात एका मांडणीत p अधिक वर्ग आले, दुसरीत p′. पहिल्या मांडणीत अधिक नसलेल्या सर्व राशी शून्य ठेवल्या की p मितींचा उपअवकाश उरतो. त्यात शून्येतर सदिशावर रूपाची किंमत धन असते. दुसऱ्या मांडणीत p′ अधिक राशी शून्य ठेवा. उरलेल्या n − p′ मितींत किंमत कधीच धन नसते. या दोन उपअवकाशांत शून्य सदिशाखेरीज काहीच सामाईक असणार नाही, म्हणून p + (n − p′) ≤ n, म्हणजे p ≤ p′. मांडण्यांची अदलाबदल केली की p′ ≤ p. उणे चिन्हांसाठीही हाच युक्तिवाद.

वरच्या सहा वर्गांचे कोडेही यातून उलगडते. राशी परावलंबी असल्या, तर त्या शून्य ठेवून उरलेला उपअवकाश n − p′ पेक्षा मोठा असू शकतो. त्यामुळे p ≤ p′ हे टिकते, उलट दिशा मात्र हातची जाते. अशी मांडणी खऱ्या संख्येची वरची मर्यादा तेवढी सांगते: तिथे एक हा तीनपेक्षा जास्त नाही, आणि दोनही नाहीत.

प्रश्न: नुसत्या निश्चयकावरून काम भागेल का?

निश्चयक शून्य नसेल, तर त्याच्या चिन्हावरून उणे वर्गांची संख्या सम की विषम एवढेच कळते. दोन चलांत ऋण निश्चयक म्हणजे एक अधिक, एक उणे, हे पक्के. तीन चलांत धन निश्चयक आले, तर उणे एकही नसेल किंवा दोन असतील.

प्रश्न: दोन रूपांची चिन्हे जुळली की ती रूपे एकच मानायची का?

वास्तव संख्यांवर हो. चलांची संख्या सारखी हवी आणि अधिक, उणे दोन्ही जुळायला हवेत. प्रत्येक धन सहगुणकाचे वर्गमूळ चलात सामावून घेता येते, म्हणून सहगुणक 1, −1 किंवा 0 एवढेच उरतात. संमिश्र संख्यांवर −1 लाही वर्गमूळ असते, त्यामुळे उणे चिन्हही पुसले जाते आणि फक्त शून्येतर वर्गांची संख्या राहते. परिमेय संख्यांवर मात्र चिन्हे पुरत नाहीत. x² + y² आणि 3x² + 3y² यांत दोन्हीकडे दोन अधिक आहेत, तरी परिमेय सहगुणकांनी चल बदलून एकाचे दुसरे करता येत नाही. दुसरे रूप 3 ही किंमत घेते, आणि 3 ही दोन परिमेय वर्गांची बेरीज होऊ शकत नाही.