उंबरा ओलांडून आली ती कोण?

प्रश्न: गाण्यातला 'तू' नक्की कोण, हे शब्दांवरून कसं ओळखायचं? मला तर प्रत्येक गाणं प्रेयसीसाठीच लिहिलेलं वाटतं.

आधी क्रियापदं बघा. मी सांगलीत राहते, गाणी लिहिते. माझ्याच एका गाण्याचा कच्चा खर्डा घ्या:

न सांगता आलीस, उंबरा ओलांडलास,
जात्यापाशी थांबलीस, देवघर पाहिलंस,
जाताना भिंतीवर रेघ ठेवलीस,
पुन्हा येशील तेव्हा हाक मारून ये.

यातली 'आलीस' आणि 'थांबलीस' ही दोनच क्रियापदं सांगतात की समोरची स्त्रीलिंगी आहे. 'ओलांडलास' उंबऱ्यामुळे, 'पाहिलंस' देवघरामुळे आणि 'ठेवलीस' रेघेमुळे झालंय; त्यांचा ऐकणाऱ्याशी संबंध नाही. बरेच जण इथेच फसतात. 'येशील' आणि 'ये' तर पुरुषालाही चालतात. शिवाय 'तू' म्हटलं म्हणून प्रेयसीच असं नाही. आपण आईला, देवाला, नदीलाही 'तू'च म्हणतो.

मग मी विचारते, ही ओळ कुणाला सांगण्यात अर्थ आहे? कडवं मी शेजारच्या काकूंना म्हणून दाखवलं. त्यांचे डोळे भरले. त्यांना त्यात सासरी गेलेली लेक दिसली. भिंतीवरची रेघ म्हणजे लहानपणी पेन्सिलीनं मोजलेली तिची उंची, आणि शेवटची ओळ म्हणजे माहेराची वाट बघणं.

मी लिहिलं होतं कृष्णामाईला, २०१९च्या ऑगस्टमधल्या पुरानंतर. रेघ म्हणजे पाणी ओसरल्यावर भिंतीवर राहिलेली गाळाची खूण. हे कळल्यावर तीच शेवटची ओळ काकूंना भीतीची वाटली. आणि त्यांनी लगेच चूक काढली: "अगं, माई न सांगता कुठं येते? आयर्विन पुलाचा आकडा आपण तासातासाला विचारतो. पंचेचाळीस फूट म्हणजे धोक्याची पातळी, हे पोरासोरांनाही माहीत असतं."

खरंच होतं ते. 'न सांगता' हे शब्द लेकीला शोभत होते, नदीला नाही. 'तू' खरा कोण हे तपासायचं असेल तर असंच करा: एक ऐकणारा मनात धरा, गाणं पहिल्यापासून वाचा आणि कुठली ओळ खोटी पडते ते बघा. एकही पडली नाही, तर तो 'तू' शक्य आहे. दोघंतिघं टिकले, तर कवीनं ते मुद्दाम मोकळं ठेवलेलं असू शकतं.

मी पहिली ओळ 'सांगून सांगून आलीस' केली. मग 'हाक मारून ये' निरर्थक झालं, कारण हाक तर तिनं मारलीच होती. आमच्याकडं पाणी दाराशी आलं की बायका माईची ओटी भरतात. त्यावरून शेवट असा झाला:

पुन्हा येशील तेव्हा उंबऱ्याशी थांब,
तिथंच भरते गं ओटी.

काकू म्हणाल्या, "आता लेकीला कसं म्हणू मी हे? तिला उंबऱ्याबाहेर कोण थांबवेल?"