एनक्लेक्स १५० प्रश्नांवर गेली, पुन्हा देताना सगळं वाचायचं का?

प्रश्न: एनक्लेक्स-आरएन, म्हणजे अमेरिकेतली नोंदणीकृत नर्सची परवाना परीक्षा दिली, १५० प्रश्न आले आणि फेल झाले. रिपोर्टमध्ये ‘मॅनेजमेंट ऑफ केअर’ आणि औषधांचा भाग पासिंगच्या खाली, बाकी सगळे ‘निअर’. परत पहिल्यापासून सगळं वाचू का?

नको. आधी १५० हा आकडा बघा. परीक्षा ८५ ते १५० प्रश्नांपर्यंत चालते; तुम्ही पासच्या रेषेच्या वर की खाली, हे संगणकाला ९५ टक्के खात्रीनं कळलं की थांबते. तुमचं शेवटपर्यंत ठरत नव्हतं, म्हणजे तुम्ही रेषेजवळच होतात. ८५ ला बंद पडून फेल झाला असता, तर पुस्तकं पुन्हा उघडा म्हटलं असतं. पण ‘निअर’ म्हणजे पास नव्हे, ते विषय सोडू नका.

माझा पहिला रिपोर्टही असाच होता. आठ वर्षं आयसीयूत काढल्यावर ‘मॅनेजमेंट ऑफ केअर’ खाली बघून रागच आला. मग सरावाचे चुकलेले दोनशे प्रश्न काढले आणि प्रत्येकापुढे कारण लिहिलं: माहीत नव्हतं, नीट वाचलं नाही, की दोन पर्यायांत अडकले. औषधांत बहुतेक ‘माहीत नव्हतं’ निघालं. मॅनेजमेंटमध्ये जवळजवळ सगळीकडे ‘दोघांत अडकले’.

एक नमुना सांगते. आधी कोणाला बघाल: सीओपीडीचा पेशंट, ऑक्सिजन ९० टक्के, की थायरॉइड काढून आलेली बाई, ओठांभोवती मुंग्या येतायत? मी ९० बघून धावले. पण सीओपीडीत ८८ ते ९२ चालतं. त्या बाईचं कॅल्शियम उतरतंय, स्वरयंत्र आवळून श्वास अडू शकतो. दोन्ही गोष्टी मला माहीत होत्या, फक्त ‘या पेशंटला हे अपेक्षित आहे का?’ हे मी विचारत नव्हते. कामं वाटून देण्यातही तसंच. आपल्याकडे वॉर्डात जो हाताशी असेल तो करतो. अमेरिकेत पहिली तपासणी, शिकवणं आणि परिणाम बघणं ही आरएनचीच कामं, मदतनिसाला देता येत नाहीत.

म्हणून पुढचे आठवडे दोन वेगळ्या प्रकारे गेले. औषधं गटागटानं वाचली, रोज एक गट. मॅनेजमेंटला वाचन शून्य: रोज ४० प्रश्न, आणि प्रत्येक चुकीचा पर्याय का चूक, हे वहीत एका ओळीत. ४० प्रश्नांना तास लागायचा, वहीला दोन. नाइट ड्युटी असली की २० वर भागवलं. शेवटचे दहा दिवस सगळे विषय मिसळून, घड्याळ लावून ८५ चे संच.

पुन्हा देण्याआधी ४५ दिवस थांबावंच लागतं, पण ४६ व्या दिवशी बसलंच पाहिजे असं नाही. मी तारीख तेव्हाच घेतली, जेव्हा मिसळलेल्या संचांत ‘दोघांत अडकले’ची संख्या सलग तीनदा कमी झाली.