सिनेमाच्या शेवटची सरकती नावं व्हिडिओतून कशी उतरवायची?

प्रश्न: शेवटची नावं वर सरकतात, पॉज केलं की धूसर दिसतात. कलाकार-तंत्रज्ञांची यादी कशी काढू?

पॉज करत बसू नका, टर्मिनलमध्ये ffmpeg हा व्हिडिओ प्रोग्राम चालवून त्या भागाच्या फ्रेम्स, म्हणजे सुटी चित्रं, काढा आणि त्यावरून टाईप करा:

```
ffmpeg -ss 02:10:00 -i film.mp4 -vf "yadif,fps=1/2" c_%03d.png
```

सुरुवातीची वेळ तुमची टाका. दर 2 सेकंदांना एक फ्रेम मिळते, म्हणजे एक ओळ पडद्यावर 6 सेकंद राहत असेल तर तेच नाव तीनदा येतं, त्यातलं स्पष्ट घ्यायचं. जुन्या डीव्हीडीत अक्षरांना कंगव्यासारखे दात दिसतात, तो खरं तर ब्लर नसतो, इंटरलेसिंग असतं, म्हणजे एका फ्रेममध्ये दोन वेगळ्या क्षणांच्या ओळी एकाआड एक बसवलेल्या असतात, आणि कमांडमधला yadif फिल्टर ते काढतो. खरा ब्लर मात्र उभा पसरतो, त्यामुळे आडव्या रेघा पुसट होतात आणि शिरोरेघेवरची एक मात्रा की दोन तेच कळत नाही (ओसीआर तर इथे हमखास चुकतं). तिन्ही फ्रेममध्ये तसंच असेल तर नावापुढे प्रश्नचिन्ह ठेवा, शार्पन करून गेलेला तपशील परत येत नाही.